'वाढदिवसाचा मजकूर लिहून द्या': नाते, वय आणि सूर न सांगता आलेली मागणी कशी पूर्ण करावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे टायपिंग, झेरॉक्स आणि फ्लेक्सचे दुकान आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्या दुकानात छपाईच्या बरोबरीने वाढदिवसाचे मजकूर लिहून देण्याचे काम आपोआप वाढत गेले आहे. फ्लेक्सवर चार ओळी हव्या असतात, तालुक्याच्या साप्ताहिकात छोटी जाहिरात द्यायची असते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला निरोप हवा असतो. मागणी बहुतेक वेळा फोनवरच येते आणि ती अशी असते: 'भाऊ, उद्या ताईचा वाढदिवस आहे, मस्त मेसेज लिहून द्या.' या वाक्यात तारीख असते, घाई असते, पण ज्यावर मजकूर उभा राहायचा त्या तिन्ही गोष्टी नसतात. ती व्यक्ती पाठवणाऱ्याची कोण लागते, ती साधारण कोणत्या वयाची आहे आणि मजकूर कोणत्या सुरात हवा, हे सांगायचे राहून जाते. मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती व्यक्ती उभी असल्यामुळे आपण काही सांगायचे विसरलो आहोत हे त्याच्या लक्षातही येत नाही.

गावागावांत असे लिहून देणारे पुष्कळ आहेत. कुठे शाळेतले गुरुजी, कुठे ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारी मुलगी, कुठे घरातला शिकलेला पुतण्या हे काम करतो. त्या सर्वांसाठी मी माझी पद्धत येथे क्रमाने मांडत आहे.

नाते आधी विचारावे, वय नंतर

पहिली चूक अशी होते की, लिहिणारा आधी वय विचारतो, कारण वय कळले की तू म्हणावे की तुम्ही, हे आपोआप ठरेल असे त्याला वाटते. मराठीत ते तसे ठरत नाही. आई आपल्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी असते, तरी तिला आपण 'तू' म्हणतो. जावई आपल्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असतो, तरी त्याला 'तुम्ही' म्हणतो. वडिलांना काही घरांत 'तुम्ही' आणि काही घरांत 'तू' असते. मोठ्या दिराशी, म्हणजे आमच्याकडच्या भासऱ्यांशी, भावजय मर्यादा राखून बोलते, आणि लहान दिराची मात्र तीच भावजय मोकळेपणाने चेष्टा करते. वय केवळ आकडा देते. तू की तुम्ही, आशीर्वाद की नमस्कार, थट्टा चालते की नाही, हे सगळे नात्यावर ठरते. म्हणून नाते कळेपर्यंत एकही ओळ लिहू नये.

नाते विचारतानाही 'ते तुमचे कोण लागतात?' एवढेच विचारून भागत नाही, कारण आमच्या भागातले नात्याचे शब्द दुहेरी आहेत. 'मामाजी' म्हणजे आईचा भाऊ असू शकतो आणि सासराही असू शकतो. 'ताई' ही सख्खी बहीण, नणंद, अंगणवाडीच्या ताई किंवा पंचायत समितीच्या सदस्य यांपैकी कोणीही असू शकते. 'बापू' हा शब्द तर घरातल्या लहान मुलापासून जावयापर्यंत आणि गावातल्या मानाच्या माणसापर्यंत सर्वांना लागतो. त्यामुळे मी दोन प्रश्न एकत्र विचारतो: 'मजकूर कुणाच्या नावानं जाणार आहे, आणि ते त्यांना समोरासमोर काय म्हणून हाक मारतात?' पहिला प्रश्न आवश्यक असतो, कारण दुकानात येणारा आणि शुभेच्छा देणारा पुष्कळदा एक नसतो. मुलगा येतो आणि मजकूर त्याच्या वडिलांच्या नावाने जायचा असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात येते, पण त्या शब्दातून नाते, आदर आणि बराचसा सूरही कळतो. 'मोठेबाबा' असे उत्तर आले की हे वडिलांचे थोरले भाऊ आहेत, अहो-जाहो आहे आणि घरात त्यांच्याविषयी धाक मिसळलेला जिव्हाळा आहे, एवढे एकदम समजते.

हाकेच्या शब्दावरूनही शंका उरली, तर 'अरे-तुरे आहे का अहो-जाहो?' असे सरळ विचारावे. खेड्यातल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही.

वयाचा आकडा नको, टप्पा हवा

जुन्या माणसांचे खरे वय कागदावरून कळत नाही. पूर्वी जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून किंवा १ जुलै ही तारीख लिहून टाकत असत. त्यामुळे दाखल्यावरचे वय आणि खरे वय यांत दोन-चार वर्षांचा फरक सहज असतो. मी वय विचारत नाही, तर 'शिकतात का, कामाला लागले का, लेकरं किती मोठी, नातवंडं झाली का?' असे विचारतो. त्यावरून टप्पा कळतो आणि मजकुराला टप्पाच लागतो, कारण इच्छा कोणती व्यक्त करायची हे त्यावर अवलंबून असते. शाळकरी मुलाला 'खूप शिक, मोठा हो' शोभते, नव्याने संसारात पडलेल्याला नाही. पन्नाशीच्या माणसाला 'उज्ज्वल भविष्य' लिहिले तर ते कुठून तरी उचललेले आहे हे लगेच दिसते.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. एका गृहस्थांनी 'आमच्या आबाजींचा वाढदिवस' एवढेच सांगितले आणि मी नेहमीप्रमाणे 'आपण शतायुषी व्हावे' असे लिहून फ्लेक्स छापून दिला. आबाजी ९८ वर्षांचे होते. शंभर वर्षांचे आयुष्य मागणे म्हणजे त्यांच्यासाठी केवळ दोन वर्षे मागणे होते, आणि घरातल्या थोरल्या सुनेने ते वाचल्याबरोबर ओळखले. कोणी रागावले नाही, पण फ्लेक्स लागला नाही. तेव्हापासून नव्वदीच्या पुढच्या माणसासाठी मी वर्षांचा आकडा असलेली कोणतीही इच्छा लिहीत नाही. 'प्रकृती अशीच चांगली राहो आणि तुमचा हात आमच्या डोक्यावर राहो' एवढे पुरेसे असते.

नेमका आकडा फक्त मोठ्या टप्प्यांना लागतो, आणि तेथे एक गोंधळ नेहमी होतो. '७५ व्या वर्षात पदार्पण' म्हणजे ७४ वर्षे पूर्ण झाली. '७५ वर्षे पूर्ण' म्हणजे ७६ वे लागले. अमृतमहोत्सव ७५ चा असतो, एकसष्टी साठ वर्षे पूर्ण होऊन ६१ वे लागताना करतात, आणि सहस्रचंद्रदर्शन हजार पौर्णिमांच्या हिशोबाने ८० वर्षे व सुमारे १० महिन्यांनी येते. म्हणून मागणाऱ्याने आकडा सांगितला की 'पूर्ण झाले की लागले?' हा प्रश्न विचारल्याशिवाय तो छापू नये.

सूर विचारू नये, दाखवावा

'टोन कसा पाहिजे?' असे विचारले की उत्तर ठरलेले असते: 'मस्त करा', 'भारी झाला पाहिजे', 'तुमच्या मनानं लिहा'. यातून काहीही कळत नाही आणि दोष मागणाऱ्याचाही नसतो, कारण सूर शब्दांत सांगणे लिहिणाऱ्यालाही अवघड जाते. त्याऐवजी दोन वेगवेगळ्या ओळी लिहून त्याच्यापुढे ठेवाव्यात. समजा, मित्राला पाठवायचे आहे. पहिली ओळ: 'सुखदुःखात कायम पाठीशी उभा राहणाऱ्या माझ्या मित्राला वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा.' दुसरी ओळ: 'उसने घेतलेले पैसे सोडून बाकी सगळं लक्षात ठेवणाऱ्या मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा.' मागणारा दुसरी वाचून हसला की सूर ठरला. तो 'नाही, तशी चेष्टा नको' म्हणाला तरी सूर ठरलाच. दोनच ओळी द्याव्यात. पाच दिल्या तर तो गोंधळतो आणि 'सगळ्या थोड्या थोड्या घ्या' म्हणतो.

मजकूर कुठे वाचला जाणार, हेही याच वेळी विचारून घ्यावे. दीर-भावजयीतली जी थट्टा एकट्याच्या फोनवर गोड वाटते, तीच एसटी स्टँडवरच्या फ्लेक्सवर चारचौघांत लाजिरवाणी होते. उलट, 'आपणास उदंड आयुष्य लाभो ही सदिच्छा' हे फ्लेक्सवर शोभते, पण लेकाने आईच्या फोनवर पाठवले तर ग्रामपंचायतीची नोटीस आल्यासारखे वाटते. 'आपण' आणि 'आपणास' हे शब्द मी घरच्या माणसांसाठी जवळजवळ वापरतच नाही. त्यांत आदर आहे, पण अंतरही आहे.

दोन गोष्टी मागणारा स्वतःहून सांगत नाही, त्या हळूच विचाराव्यात. घरात वर्षभरात कोणी गेले आहे का, हे एक. तसे असेल तर आनंदोत्सवाचे शब्द टाळून शांत मजकूर लिहावा, किंवा फ्लेक्सऐवजी फोनवरचा निरोप सुचवावा. दुसरे म्हणजे घरातली श्रद्धा. विदर्भात एकाच गल्लीत 'जय भीम' म्हणणारे, 'जय गुरुदेव' म्हणणारे, 'दंडवत प्रणाम' म्हणणारे महानुभाव पंथाचे आणि शेगावच्या गजानन महाराजांना मानणारे राहतात. 'ईश्वरचरणी प्रार्थना' ही ओळ बौद्ध घरासाठी लिहिणे योग्य नाही. तेथे 'मंगल कामना' हा शब्द घरचा आहे. फोनवर बोलताना माणूस सुरुवातीला काय म्हणून अभिवादन करतो, त्यावरून हे बहुतेक वेळा कळते; न कळल्यास देवाचा उल्लेखच टाळावा. बाईच्या नावामागे 'सौ.' लावण्याआधीही विचारून घ्यावे. माहीत नसेल तर नुसते नाव आणि 'ताई' किंवा 'काकू' लिहिणे बरे.

उत्तर मिळालेच नाही तर

कधी फोन लागत नाही, गावात लाइन नसते आणि सकाळी सातला फ्लेक्स न्यायला माणूस येणार असतो. अशा वेळी अंदाजाने नाते गृहीत धरू नये. मराठीत एक सोय आहे, तिचा उपयोग करावा: 'लाभो', 'राहो', 'मिळो' ही रूपे इच्छेकडे बोट दाखवतात, माणसाकडे दाखवत नाहीत, म्हणून तू, तुम्ही आणि आपण यांतले काहीही न लिहिता वाक्य पूर्ण होते. 'वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा. उत्तम आरोग्य, समाधान आणि जवळच्या माणसांचा सहवास कायम लाभो.' या दोन ओळींत आदराचे रूप नाही, लिंग नाही, वय नाही, आणि आशीर्वाद कोण कोणाला देतो हाही प्रश्न नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आशीर्वाद मोठ्याने लहानाला द्यायचा असतो, आणि पुतण्याच्या नावाने काकांना 'अनेक आशीर्वाद' गेले तर ते वाचणाऱ्याला खटकते.

या मजकुराची मर्यादाही ओळखावी. तो चुकत नाही, पण कोणाला स्पर्शही करत नाही. ओळखीच्या, दूरच्या किंवा सार्वजनिक माणसासाठी तो चालतो. बायको, आई, जिवलग मित्र यांच्यासाठी तो दिला तर काहीच न पाठवल्यासारखे होते. जवळच्या माणसासाठी मागणी असेल आणि उत्तर येत नसेल, तर फ्लेक्सवर नाव, फोटो आणि ही एक ओळ छापून मोकळे व्हावे, आणि फोनवरचा निरोप उत्तर येईपर्यंत थांबवावा. नावापुढे 'भाऊ' किंवा 'ताई' जोडणे हा आमच्याकडचा मधला मार्ग आहे. मात्र तो घराबाहेरच्या मोठ्या माणसापुरताच सुरक्षित आहे. सासऱ्याच्या किंवा लहान मुलाच्या नावापुढे तो लागला तर हसे होते.

एक मागणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मागच्या हंगामात एका संध्याकाळी निरोप आला: 'भाऊ उद्या बापूचा वाढदिवस आहे. चांगला मेसेज लिहून द्या. मोठा पाहिजे.' सोबत फोटो होता. तिशीचा एक माणूस ट्रॅक्टरजवळ उभा. पाठवणारे शेतकरी पंचावन्नच्या आसपासचे, दुकानात येणारे-जाणारे. फोटो आणि पाठवणाऱ्याचे वय यांवरून हा मुलगा असावा असे वाटणे स्वाभाविक होते. 'बापूंचा' न लिहिता 'बापूचा' लिहिले होते, तेही त्याच बाजूला नेणारे होते. परंतु फोनवर लिहिताना अनुस्वार कोणी देत नाही, म्हणून मी त्यावर कधी भिस्त ठेवत नाही. अंदाजाने लिहिले असते तर पहिली ओळ अशी झाली असती: 'बापू, खूप मोठा हो, घराचं नाव काढ.'

मी फोन करून हाकेचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, 'जवाई आहे जी आपला. जवाईबापू म्हणतो मी. पोरगी म्हणे, बाबा, तुमच्याकडून बी एक मेसेज आला पाहिजे.' एवढ्यावर 'हो' आणि 'काढ' ही दोन्ही क्रियापदे बाद झाली. मजकूर सासऱ्याच्या नावाने, अहो-जाहोचा. टप्पा विचारला तर कळले, जावई एकतीस-बत्तीसचे, मुलगा नुकताच वर्षाचा झालेला. चेष्टेचे विचारले तेव्हा ते चटकन म्हणाले, 'नाही नाही, जवायाची चेष्टा आपण नाही करत.' मजकूर फक्त जावयाच्या फोनवर जाणार होता, म्हणून फ्लेक्सची भाषा नको होती.

मग मी शेवटचा प्रश्न विचारला, जो मी जवळच्या नात्यासाठी नेहमी विचारतो: 'त्यांची अशी एखादी गोष्ट सांगा, जी तुम्हाला आठवते.' ते थोडे थांबले आणि मग सांगू लागले की, दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा वेचणीला बाया मिळत नव्हत्या. जावई चार दिवस येऊन राहिले, बाजूच्या गावाहून ट्रॅक्टरवर बाया आणल्या आणि कापूस घरात आणून दिला. त्याबद्दल आपण त्यांना कधी काही बोललो नाही, असेही ते म्हणाले. मजकुराचा गाभा तेथे मिळाला.

पहिला मसुदा मी असा केला: 'जवाईबापू, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही केलेले उपकार आम्ही विसरणार नाही. आपणास उदंड आयुष्य लाभो.' मग प्रत्येक सर्वनामाखाली आणि क्रियापदाखाली रेघ ओढून पाहिली. ही तपासणी मी कधी चुकवत नाही. 'आपणास', 'तुम्ही', पुन्हा 'आपणास' अशी सरमिसळ दिसली. बोलण्यात ते जावयाला 'तुम्ही'च म्हणतात, म्हणून सगळीकडे 'तुम्ही' केले. 'उपकार' हा शब्द काढला, कारण घरच्या माणसाचे उपकार म्हटले की तो परका होतो. 'ऑपरेशन' ठेवावे की नाही, हे त्यांनाच विचारले. ते म्हणाले, शुभ दिवशी दवाखान्याचे नाव नको. 'मोठा पाहिजे' या मागणीसाठी मी शब्द फुगवले नाहीत. वेचणीची गोष्ट नीट सांगितली की लांबी आपोआप येते. शेवटचा मजकूर असा झाला:

'जवाईबापू, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. यंदा वेचणीला बाया मिळत नव्हत्या तेव्हा तुम्ही घरचं काम सोडून चार दिवस इथे येऊन राहिले आणि सगळा कापूस घरात आणून दिला. तेव्हा मी काही बोललो नाही, पण ते माझ्या मनात आहे. तुम्हाला चांगलं आरोग्य मिळो, हाती घेतलेल्या कामाला यश मिळो, आणि लेकराच्या बोबड्या बोलांनी तुमचं घर भरलेलं राहो. — तुमचे मामाजी'

'येऊन राहिले' येथे प्रमाण भाषेत 'राहिलात' हवे, हे मला माहीत आहे. पण ते गृहस्थ 'राहिलात' कधी म्हणत नाहीत, आणि जावयाने वाचताना सासऱ्याचाच आवाज ऐकू यायला हवा होता. फ्लेक्स किंवा जाहिरात असती तर मी 'राहिलात' लिहिले असते. खाली 'सासरे' न लिहिता 'मामाजी' लिहिले, कारण जावई त्यांना त्याच नावाने हाक मारतात.

पाठवण्याआधी मी मजकूर त्यांना फोनवर सावकाश वाचून दाखवला. बोलताना जी जागा अडते ती ऐकताना कळते, नुसते वाचताना कळत नाही. त्यांनी एकच बदल सांगितला: 'घरचं काम' नको, 'सोताचं वावर' लिहा, कारण जावयांच्या शेतातही त्या वेळी वेचणी चालू होती. मी 'स्वतःचं वावर सोडून' असे केले आणि रात्री साडेनऊला मजकूर त्यांच्याकडे पाठवला. वहीत त्यांच्या नावापुढे 'जावई, तुम्ही, चेष्टा नाही, मामाजी' एवढी नोंद करून ठेवली, म्हणजे पुढच्या वर्षी 'बापूचा वाढदिवस' असा निरोप आला की हे प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत आणि फक्त त्या वर्षाची गोष्ट तेवढी विचारायची राहील.